वृश्चिकेचा मंगळ, कुंभेचा शनी

वृश्चिक राशीचा स्वामी कोण, असे घरातल्या पंचांगाला विचारले तर उत्तर येते मंगळ. इंग्रजी राशिभविष्य वाचणाऱ्या कॉलेजातल्या मुलीला विचारले तर ती म्हणेल प्लूटो. कुंभेचेही तेच. पंचांगात शनी आणि इंग्रजी पुस्तकात युरेनस, म्हणजे आपल्या ज्योतिष्यांचा हर्षल. मग वाद सुरू होतो आणि शेवटी कुणीतरी म्हणते, आपल्या पूर्वजांकडे दुर्बीण नव्हती, त्यांना हे ग्रह माहीत नव्हते, म्हणून जुनेच चालू राहिले.

हे उत्तर अर्धेच खरे आहे. पूर्वजांना माहीत नव्हते हे ठीक, पण आताच्या ज्योतिष्यांना तर माहीत आहे. महाराष्ट्रात हातात पडणारी कुठलीही छापील पत्रिका उघडा. र, चं, मं, बु यांच्या रांगेत ह, ने आणि प्लू ही अक्षरेही दिसतात. त्यांचे अंश दिलेले असतात, काही ज्योतिषी त्यांच्यावरून दोन शब्द बोलतातही. मात्र ८ आकडा ज्या घरात असेल त्या घराचा मालक म्हणून प्लूटोकडे कोणी बोट दाखवत नाही. ग्रह घरात घेतला, पण सातबारा त्याच्या नावावर केला नाही. असे का, ते समजायला आधी मूळ वाटणी कशी झाली ते पाहावे लागते.

बारा राशी आणि सात ग्रह. सिंह रवीला, कर्क चंद्राला. या दोन शेजारच्या राशींपासून दोन्ही बाजूंना एकेक पाऊल टाकत जायचे. पहिल्या पावलावर कन्या आणि मिथुन, त्या बुधाच्या. दुसऱ्यावर तूळ आणि वृषभ, त्या शुक्राच्या. तिसऱ्यावर वृश्चिक आणि मेष मंगळाच्या, चौथ्यावर धनू आणि मीन गुरूच्या. पाचव्या पावलाला दोन्ही वाटा एकमेकींना भेटतात. तिथे मकर आणि कुंभ, दोन्ही शनीच्या. रवी-चंद्रांपासून सर्वांत दूरची जागा सर्वांत संथ ग्रहाला मिळाली. बुध रवीपासून कधीच सुमारे २८ अंशांपलीकडे जात नाही आणि शुक्र सुमारे ४७ अंशांपलीकडे जात नाही, म्हणून बुधाची राशी रवीच्या शेजारी आणि शुक्राची त्याच्या पुढची, हेही त्यात बसते. ही मांडणी दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीने सविस्तर समजावली आहे आणि सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहज्जातकातही राशींचे स्वामी हेच आहेत. म्हणजे ‘पाश्चात्त्य विरुद्ध भारतीय’ असा हा वाद मुळात नव्हताच. अठराव्या शतकापर्यंत युरोपातला ज्योतिषीही वृश्चिकेला मंगळच देत होता.

फाटा फुटला १३ मार्च १७८१ नंतर. त्या रात्री इंग्लंडमधल्या बाथ गावी विल्यम हर्शेलला स्वतः घडवलेल्या दुर्बिणीतून एक नवा ठिपका दिसला. आधी तो धूमकेतू वाटला, पुढे ग्रह ठरला. आपल्याकडचे ‘हर्षल’ हे नाव शोधकर्त्याच्या आडनावावरूनच आले. १८४६ साली नेपच्यून सापडला आणि १८ फेब्रुवारी १९३० रोजी अमेरिकेतल्या फ्लॅगस्टाफच्या लोवेल वेधशाळेत क्लाइड टॉम्बॉने प्लूटो शोधला. नव्या ग्रहांना घर द्यायला हवे असे पाश्चात्त्य ज्योतिष्यांना वाटू लागले आणि त्यांनी ते स्वभाव पाहून दिले. हर्षल सापडला तो काळ अमेरिकन आणि फ्रेंच राज्यक्रांतीचा, म्हणून हर्षल बंडखोर आणि कुंभेचा. प्लूटो हा पाताळाचा देव, म्हणून मृत्यू, गुपिते, उलथापालथ हे त्याचे विषय आणि त्याला वृश्चिक. नेपच्यूनला मीन मिळाली.

इथे एक गंमत आहे. जुनी वाट शनीच्या पुढे तशीच चालू ठेवली, तर मकरेनंतर कुंभ हर्षलला, मीन नेपच्यूनला आणि त्यापुढे प्लूटोला मेष यायला हवी. वृश्चिक नाही. सुरुवातीच्या वर्षांत काही ज्योतिष्यांनी प्लूटोला मेष दिलीही होती. अखेर वृश्चिकेचा पक्ष जिंकला तो क्रमाच्या नव्हे, स्वभावाच्या जोरावर. दोन राशींना क्रमाने स्वामी आणि तिसरीला साम्याने, असे नव्या व्यवस्थेचे रूप झाले. मला तिच्यातला सर्वांत कच्चा दुवा हाच वाटतो.

पण भारतीय पद्धत जुन्यावर थांबली ती क्रमाच्या सौंदर्यासाठी नाही. कारण जास्त व्यावहारिक आहे. पाश्चात्त्य राशिभविष्यात राशीचा स्वामी मुख्यतः स्वभाव सांगायला लागतो. आपल्याकडे तो हिशेबात लागतो. कुंडलीतल्या प्रत्येक स्थानाचे फळ त्या स्थानातल्या राशीचा स्वामी कुठे बसला, किती बळकट आहे आणि त्याची दशा कधी येते, यावर काढले जाते. स्वामी बदलला की अर्थ तर बदलतोच, आकडेही बदलतात.

एक पत्रिका घेऊ. कर्क लग्न. पाचव्या स्थानात वृश्चिक, दहाव्यात मेष. पाचवे स्थान विद्या आणि संततीचे, त्रिकोणातले. दहावे कर्माचे, केंद्रातले. दोन्हींचा स्वामी एकच, मंगळ. एकाच ग्रहाकडे केंद्र आणि त्रिकोण दोन्ही आले की त्याला योगकारक म्हणतात, म्हणून एरवी ज्याला पापग्रह म्हणतात तो मंगळ कर्क लग्नाला सर्वांत उपकारक समजला जातो. समजा तो सातव्या स्थानी मकरेत, म्हणजे उच्च राशीत आहे. त्याची सात वर्षांची महादशा आली की ज्योतिषी शिक्षण आणि नोकरी या दोन्हींबद्दल एका दमात बोलतो.

आता वृश्चिक प्लूटोला देऊन पाहा. मंगळाकडे फक्त दहावे स्थान उरते, योगकारकपद गेले. पंचमेश झाला प्लूटो. त्याची दशा कधी? कधीच नाही. विंशोत्तरीची १२० वर्षे रवी ते शनी हे सात आणि राहू-केतू मिळून नऊ जणांत पूर्ण वाटलेली आहेत, दहाव्याला एक दिवसही शिल्लक नाही. त्याची उच्च राशी कोणती, मित्र कोण, शत्रू कोण, हेही ग्रंथांत नाही.

याहून मोठी अडचण गतीची. मंगळ एका राशीत साधारण दीड महिना असतो, शनी अडीच वर्षे. प्लूटोला सूर्याभोवती फिरायला सुमारे २४८ वर्षे लागतात. त्याची कक्षा इतकी लंबगोल आहे की एखादी राशी तो बारा-तेरा वर्षांत ओलांडतो, तर एखादीत तीस वर्षे रेंगाळतो. निरयन गणिताने १९९६ पासून २००४ पर्यंत तो सगळा काळ वृश्चिकेतच होता. कर्क लग्न रोज सुमारे दोन तास असते. म्हणजे त्या नऊ वर्षांत रोजच्या त्या दोन तासांत जन्मलेल्या प्रत्येक मुलाचा पंचमेश स्वगृही, पाचव्याच स्थानात! एकाची विद्या दुसऱ्यापासून वेगळी कशी सांगणार? पत्रिका माणसागणिक वेगळी असावी म्हणून मांडतात, आणि इथे एक अख्खी पिढी एकाच साच्यात जाते. पाश्चात्त्य ज्योतिषीही प्लूटोला पिढीचा ग्रह म्हणतात, ते याचसाठी.

कुंभेची गोष्ट याच वळणाची आहे. वृषभ लग्नाला नववी मकर आणि दहावी कुंभ, दोन्ही शनीच्या, म्हणून वृषभ लग्नाला शनी योगकारक. कुंभ हर्षलला दिली की तो योग तिथेच संपला.

लग्नाच्या गुणमेलनातही हाच सांधा आहे. छत्तीस गुणांतले पाच गुण ग्रहमैत्रीचे, आणि ते दोघांच्या चंद्रराशींच्या स्वामींवरून ठरतात. मुलगा वृश्चिकेचा आणि मुलगी सिंहेची असेल तर मंगळ आणि रवी परस्परांचे मित्र, पाचपैकी पाच गुण. मुलगी कुंभेची आणि मुलगा सिंहेचा असेल तर शनी आणि रवी परस्परांचे शत्रू, शून्य गुण. कोष्टकात प्लूटोची ओळ नाही. त्याला स्वामी मानले तर वृश्चिकेच्या मुलामुलींचे गुण मोजताच येणार नाहीत.

यावर एक रास्त आक्षेप घेता येतो. राहू-केतूही डोळ्यांना दिसत नाहीत, मग ते कसे चालले? ते कोणी शोधलेले गोल नाहीत, चंद्राची कक्षा सूर्याच्या वाटेला छेदते ते दोन बिंदू आहेत, आणि ग्रहणांच्या गणितात ते पहिल्यापासून लागत होते. पण आक्षेपातले बळ इथे संपत नाही, कारण जैमिनी पद्धतीत याच दोन राशींना दोन-दोन स्वामी आहेत. वृश्चिकेला मंगळ आणि केतू, कुंभेला शनी आणि राहू. चरदशा मोजताना दोघांतला बलवान कोण ते ठरवतात आणि राशीपासून त्याच्यापर्यंत मोजून दशेची वर्षे काढतात. म्हणजे याच दोन राशींत भागीदार घेण्याची सोय आपल्या परंपरेतही होती. मात्र तिने भागीदार घेताना जुन्या मालकाला बाहेर काढले नाही, आणि दोघांतून निवड कशी करायची याचे नियमही सोबत दिले.

आपल्याकडे नव्या ग्रहांचे वावडे होते असेही नाही. केतकी पंचांग ज्यांच्या नावाने ओळखले जाते त्या व्यंकटेश बापूजी केतकरांनी १९११ साली फ्रान्समधल्या खगोल संस्थेच्या नियतकालिकात नेपच्यूनपलीकडच्या दोन ग्रहांचे भाकीत केले होते. त्यांना त्यांनी ब्रह्मा आणि विष्णू अशी नावे दिली. ब्रह्माची प्रदक्षिणा त्यांनी सुमारे २४२ वर्षांची धरली होती. प्लूटोच्या आकड्याशी ती बरीच जुळते, पण हा योगायोगच म्हणावा लागेल. प्लूटो सापडल्यावरही मराठी पंचांगातला मंगळ वृश्चिकेवरून हलला नाही.

तिकडेही वारे थोडे फिरले आहे. १९८० नंतर विल्यम लिलीचा १६४७ सालचा जुना ग्रंथ पुन्हा छापला गेला, ग्रीक ग्रंथांची भाषांतरे झाली आणि पाश्चात्त्य ज्योतिष्यांतला एक गट मंगळ-शनीकडे परतला. त्यातच २००६ साली प्राग इथे खगोलशास्त्रज्ञांनी प्लूटोला बटुग्रह ठरवले. त्याहून जड असलेला एरिस २००५ मध्येच जाहीर झाला होता. स्वभाव पाहून राशी द्यायची तर एरिसला कोणती द्यायची, हा प्रश्न त्या वाटेने जाणाऱ्यांपुढे उभाच आहे.

हे सगळे खरे ठरते का, हा वेगळा प्रश्न. विज्ञानाने ज्योतिषाला पुरावा मानलेला नाही, आणि इथे बोलणे फक्त पद्धतीच्या आतल्या सुसंगतीचे आहे. तेवढ्यापुरते एक सांगता येते. मोबाइलवरच्या एखाद्या पत्रिकेत विंशोत्तरी महादशाही दिल्या असतील आणि वृश्चिकेचा स्वामी प्लूटोही लिहिला असेल, तर ती दोन पद्धतींची भेसळ आहे. तसेच, इंग्रजी राशी सूर्यावरून आणि सायन गणिताने असते, आपली चंद्रावरून आणि निरयन गणिताने. दोन्हींत सध्या सुमारे २४ अंशांचा फरक आहे. तिकडे ‘स्कॉर्पिओ’ असलेल्या बहुतेकांचा रवी आपल्या पत्रिकेत तुळेत निघतो, तेव्हा वृश्चिकेचा स्वामी कोण यावर भांडण्याआधी आपली वृश्चिक कुठल्या हिशेबाची आहे ते पाहून घ्यावे.