सासुरवाडीच्या भाषेत दोन मिनिटं

मुलगा पुण्याचा आणि मुलगी कुंभकोणमच्या तमिळ अय्यर घराण्यातली असं धरू. सकाळी मुहूर्त झालाय, संध्याकाळी रिसेप्शन आहे. व्यासपीठावर पाहुण्यांची रांग लागण्याआधी नवऱ्या मुलाला दोन मिनिटं माइक मिळणार आहे आणि सासू-सासऱ्यांचे आभार त्याला त्यांच्या भाषेत मानायचे आहेत. अशी लग्नं आता आपल्या घरोघरी होऊ लागली आहेत आणि हा प्रयत्न करणारी मुलंही दिसतात. पण बहुतेक मुलं तयारीच्या पहिल्याच पायरीवर चुकीची तमिळ निवडतात. ती टाळता येते, म्हणून हा लेख.

लिहिण्याची तमिळ आणि घरात बोलण्याची तमिळ यांच्यात फार मोठं अंतर आहे. आपल्याकडे ‘येत आहे’चं ‘येतोय’ होतं, तेवढ्यावर हे थांबत नाही. तिथे क्रियापदांची अख्खी रूपं बदलतात. पुस्तकात ‘वन्दिरुक्किऱीर्गळ्’ म्हणजे ‘तुम्ही आला आहात’. घरात हेच ‘वन्दिरुक्कींगऽ’ होतं. शब्दकोश आणि व्याकरण समोर ठेवून ‘मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार मानतो’ हे वाक्य तमिळमध्ये नेलं, तर ‘एन् मनमार्न्द नन्ड्रियैत् तेरिवित्तुक् कोळ्गिऱेन्’ असं काहीतरी तयार होतं. व्याकरणात त्यात खोट नाही. पण ती भाषा सभेतल्या अध्यक्षांची आणि बातम्यांची आहे. ती ऐकून सासूबाई कौतुकाने टाळ्या वाजवतील, पण जावई आपल्याशी बोलला असं त्यांना वाटणार नाही.

गंमत अशी, की व्यासपीठावर ग्रंथातली भाषा वापरायची तमिळनाडूत मोठी परंपरा आहे. अण्णादुरै आणि करुणानिधी यांची अनुप्रासांनी नटलेली भाषणं ऐकायला लोक तासन्‌तास थांबत. त्यामुळे घरगुती समारंभातही माइक हातात आला की तमिळ माणूस पहिलं वाक्य त्या थाटात बोलतो आणि मग हळूहळू घरच्या बोलीवर येतो. नवरदेवानेही तेच करावं. ‘अनैवरुक्कुम् वणक्कम्’, म्हणजे ‘सर्वांना नमस्कार’, एवढं एक वाक्य भारदस्त असू द्यावं. त्यानंतरचं सगळं बोलीतलं.

ही बोली कोणाकडून घ्यायची? सहज सुचणारं उत्तर म्हणजे नवरीकडून. त्यात एक सोय आहे. ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ हा आपला फरक तमिळमध्ये नाही, दोघंही ‘वन्देन्’च म्हणतात. म्हणजे बायकोचं वाक्य जसंच्या तसं उचललं तरी आपण स्त्रीलिंगात बोललो अशी फजिती होत नाही. मात्र दुसरा धोका आहे. मराठी मुलगी आईला ‘अगं तू ये ना’ म्हणते, तशीच बऱ्याच तमिळ घरांत मुलगी आईला ‘नी’, म्हणजे ‘तू’ म्हणते. जावयाने तिचं ऐकून सासूबाईंना ‘नी’ म्हटलं तर सभागृह गप्प होईल. सासू, सासरे, आजी, काका या सगळ्यांना ‘नींगऽ’ आणि क्रियापदाच्या शेवटी ‘-ंगऽ’ हे ठरवूनच ठेवावं. वाक्यं नवरीकडून घ्यावीत, पण एकदा तिच्या आईच्या वयाच्या बाईकडून तपासून घ्यावीत.

हाक काय मारायची, हेही आधी विचारून ठेवावं. सासऱ्यांना ‘मामा’ ही हाक तमिळ घरांत सर्रास चालते आणि आपल्याला ती परकी वाटत नाही, कारण मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत दोन्हीकडे होती. आपल्याकडेही कितीतरी जावई सासऱ्यांना मामाच म्हणतात. सासूबाईंच्या बाबतीत मात्र जातीप्रमाणे आणि घराप्रमाणे फरक पडतो. अनेक समाजांत ‘अत्तै’, म्हणजे आत्या, म्हणतात. अय्यर घरांत ‘मामी’ किंवा सरळ ‘अम्मा’ही ऐकू येतं. आपल्या उदाहरणातल्या घरात मामा आणि मामी चालतं असं समजू.

आता भाषण. ते देवनागरीत लिहून घ्यायचं, पण अक्षरावरून नाही, कानावरून. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर आहे. च, ज आणि स यांचंही काम बहुधा एकाच अक्षरावर भागतं. ‘थोडं’ या अर्थाचा शब्द अक्षरशः उतरवला तर ‘कोञ्चम्’ होतो, बोलताना मात्र तो ‘कोंजम्’ असतो. शिवाय आपण शब्दाच्या शेवटचा ‘अ’ गिळतो आणि तमिळ माणूस तो उच्चारतो. म्हणून जिथे शेवटी ‘अ’ वाजवायचाय तिथे मी ऽ हे चिन्ह घातलंय. त्याच्या हातातला कागद असा असेल:

‘अनैवरुक्कुम् वणक्कम्. एनक्कु तमिऴ् कोंजम् दान् तेरियुम्. तप्पाऽ पेसिनाऽ मन्निच्चिडुंगऽ. मामा, मामी, उंगऽ वीट्ल ओरुत्तनाऽ एन्नै एत्तुक्किट्टींगऽ. मुदल् तडवै नान् वन्दप्पो मामा स्टेशन्ल कात्तुट्टिरुन्दांगऽ. ट्रेन् मूणु मणि नेरम् लेट्. इन्निक्कु कालैल काशिक्कु पोऱेन्नु किळंबिनेन्. मामा तडुत्तांगऽ. तडुक्कलैन्नालुम् तिरुंबि वन्दिरुप्पेन्. एल्लारुक्कुम् रोंबऽ नन्ड्रि. साप्पिट्टुट्टु पोंगऽ.’

म्हणजे: सर्वांना नमस्कार. मला तमिळ थोडंच येतं, चुकलो तर माफ करा. मामा, मामी, तुम्ही मला तुमच्या घरातला एक मानलंत. पहिल्यांदा मी आलो तेव्हा मामा स्टेशनवर वाट बघत थांबले होते. गाडी तीन तास लेट होती. आज सकाळी काशीला जातो म्हणून निघालो. मामांनी अडवलं. अडवलं नसतं तरी परत आलोच असतो. सगळ्यांचे खूप आभार. जेवून जा.

एवढंच. सावकाश बोलून, लोक हसायला थांबून, दोन मिनिटांत हे बसतं. ‘तुम्ही तुमची मुलगी मला दिलीत’ हे वाक्य मी मुद्दाम घेतलेलं नाही. पुष्कळ जण ते पहिल्या ओळीतच घालतात, पण आजच्या बऱ्याच मुलींना ‘दिली’ हे आवडत नाही आणि ते बरोबरही आहे. ‘मला घरातला मानलंत’ यात मान सासरच्यांना मिळतो आणि मुलगी कुणाच्या हातातून कुणाच्या हातात जात नाही.

काशीची ओळ या भाषणाचा प्राण आहे. तमिळ ब्राह्मण लग्नात सकाळी ‘काशी यात्रै’ होते. छत्री, काठी आणि पंचांसह नवरदेव संन्यासाला निघाल्यासारखा काशीच्या दिशेने चालू लागतो आणि मुलीचे वडील त्याला वाटेत गाठून, माझ्या मुलीशी लग्न कर म्हणून मागे फिरवतात. आपल्या सोडमुंजीत बटू काशीला निघतो आणि मामा ‘मुलगी देतो’ म्हणून त्याला थांबवतो, तोच हा प्रसंग. सकाळी सगळ्यांनी तो पाहिलेला असतो, त्यामुळे ही ओळ समजावून सांगावी लागत नाही आणि उच्चार थोडा डळमळला तरी हशा येतो. फक्त कार्यक्रमपत्रिका नीट बघावी. तमिळनाडूत पुष्कळदा रिसेप्शन मुहूर्ताच्या आदल्या संध्याकाळी ठेवतात. तसं असेल तर काशीयात्रा अजून व्हायची असते आणि वाक्य भविष्यकाळात न्यावं लागतं: ‘नाळैक्कु काशिक्कु पोवेन्’, म्हणजे ‘उद्या काशीला जाईन’.

स्टेशनची ओळ मात्र ज्याने त्याने आपली आणावी. घरात ‘नन्ड्रि’ म्हणायची सवय तमिळ माणसालाही फारशी नाही, आपण तरी आईला कुठे आभार म्हणतो? तो शब्द एकदाच, शेवटी पुरे. त्याच्या आधी त्या माणसांनी खरंच केलेली एक गोष्ट सांगितली, की आभार आपोआप पोचतात.

उच्चारात मराठी माणूस नशीबवान आहे. ‘ळ’ आपल्याकडे आहे, ‘ण’ आणि ‘न’ आपण वेगळे बोलतो. तमिळमध्ये ‘पळ्ळि’ म्हणजे शाळा आणि ‘पल्लि’ म्हणजे पाल, हा फरक आपल्याला शिकावा लागत नाही. अवघड आहे तो ‘तमिऴ्’मधला शेवटचा ध्वनी. ‘ळ’ म्हणताना जीभ मागे वळून टाळूला लागते. इथे ती तशीच वळवायची, पण टाळूला लावायची नाही. जमलं नाही तर सरळ ‘तमिळ्’ म्हणावं. दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत अनेक तमिळ माणसंही तसंच म्हणतात. जास्त लक्ष ऱ्हस्व-दीर्घाकडे द्यावं, कारण ए आणि ओ हे स्वर तिथे आखूड आणि लांब असे दोन प्रकारचे आहेत आणि आपली नेहमीची लिपी ते दाखवत नाही. ‘कोडु’ आखूड बोललं तर ‘दे’ आणि लांबवलं तर ‘रेघ’. वरच्या भाषणात ‘पेसिनाऽ’, ‘एत्तुक्किट्टींगऽ’, ‘पोऱेन्नु’ आणि ‘पोंगऽ’ यांचे पहिले स्वर लांब आहेत, तर ‘तेरियुम्’, ‘कोंजम्’, ‘ओरुत्तनाऽ’ आणि ‘रोंबऽ’ यांचे आखूड. लांब अक्षरांवर पेन्सिलीने रेघ मारून ठेवावी.

अय्यर घरांची स्वतःची एक बोली आहे. घराला तिथे ‘वीडु’ऐवजी ‘आम्’ म्हणतात आणि ‘घरात’ला ‘आत्तुल’. जावयाने अख्खं भाषण त्या बोलीत करू नये, कारण सिनेमात ती विनोदासाठी इतकी वापरली गेलीय की परक्या तोंडी ती नक्कल वाटते. पण ‘उंगऽ वीट्ल’च्या जागी ‘उंगऽ आत्तुल’ एवढा एकच बदल सासूबाईंना विचारून केला, तर त्या घराला तो बरोबर ऐकू जाईल.

तयारी झाली की नाही, हे कळायचा एक चांगला उपाय आहे. नवरीच्या आजीला फोन करून, काय बोलणार हे न सांगता, भाषण ऐकवावं आणि तिला काय समजलं ते विचारावं. उच्चार दुरुस्त करायला तिला सांगू नये. तिने स्टेशन आणि काशी दोन्ही बरोबर सांगितलं तर झालं. एखादं वाक्य तिने वगळलं तर ते तोडून दोन छोटी करावीत.

आपल्या बाजूच्या पाहुण्यांसाठी प्रत्येक वाक्यामागे मराठी भाषांतर करत बसू नये, त्याने हशा मरतो. तमिळ संपल्यावर मराठीत दोन ओळी सांगाव्यात. कुंभकोणमच्या सभागृहात त्या समजणारे तमिळ पाहुणेही निघू शकतात. शेजारच्या तंजावरवर मराठ्यांनी 1855 पर्यंत राज्य केलं आणि त्यांच्याबरोबर गेलेल्या घरांत आजही तिथली मराठी बोलली जाते.

शेवटचं ‘साप्पिट्टुट्टु पोंगऽ’ गाळू नये. हे यजमानाचं वाक्य आहे. लग्नाचा मांडव मुलीकडच्यांचा असताना जावई स्वतः पाहुण्यांना जेवून जा म्हणतो, तेव्हा तो यजमानांच्या बाजूला जाऊन उभा राहिलेला असतो.

आणि एक वाक्य खिशात वेगळं ठेवावं. भाषण चांगलं झालं तर खाली उतरल्याबरोबर चार-पाच मामा-मामी त्याला घेरून भराभर तमिळ बोलू लागतील. तेव्हा हसून मान हलवत राहण्यापेक्षा ‘मेदुवाऽ पेसुंगऽ, पुरियुम्’ म्हणावं: हळू बोला, कळेल मला. त्यातला ‘मे’ आखूड आणि ‘पे’ लांब.