'बे'चे इंग्रजी: फारसीतील इच्छा, विनंती आणि शंका

फारसीत 'तो जातो' हे 'मीरवद' असे सांगतात. 'त्याने जावे', 'त्याला जाऊ दे', 'तो कदाचित जाईल' यांसाठी मात्र 'बेरवद' हे एकच रूप चालते. धातू तोच, शेवटचा प्रत्ययही तोच. फक्त आरंभीचा 'मी' जाऊन तिथे 'बे' येतो. 'मी' असला की बोलणारा गोष्ट खरी म्हणून सांगत असतो. 'बे' आला की ती अजून कुणाच्या तरी मनात आहे: कुणाला ती हवी आहे, कुणी ती मागतो आहे किंवा कुणाला तिची खात्री नाही. इराणी व्याकरणकार या रूपाला 'एल्तेज़ामी' म्हणतात. नकारात 'बे' गळतो आणि 'नरवद' होते. 'असणे' या क्रियापदाला 'बे' लागतच नाही, त्याचे रूप 'बाशद'. आणि घडून गेलेल्या गोष्टीविषयी बोलायचे तर याच 'बाशद'ची मदत घेऊन 'रफ्ते बाशद', म्हणजे 'गेला असावा', असे म्हणतात.

मराठी माणसाला यात परके काही वाटू नये. 'पाऊस पडो', 'त्याने यावे', 'आत येऊ का?' ही रूपे आपण रोज वापरतो. अडचण इंग्रजीची आहे. तिथे असे वेगळे रूप आता 'गॉड ब्लेस यू'सारख्या ठरीव वाक्यांत आणि 'आय सजेस्ट दॅट ही गो'सारख्या औपचारिक रचनेत उरले आहे. बाकी सगळे काम 'मे', 'माइट', 'शुड', 'कुड' ही साहाय्यक क्रियापदे करतात किंवा 'टू' लावलेले क्रियापद करते. म्हणून 'बेरवद'ला इंग्रजीत एक ठरावीक जोडीदार नाही. ते रूप कोणत्या शब्दाच्या मागे आले आहे हे आधी पाहावे लागते. 'मीख़ाहम बेरवम' म्हणजे 'आय वाँट टू गो'. शेवटचा प्रत्यय बदलून 'मीख़ाहम बेरवी' केले की 'आय वाँट यू टू गो' होते. फारसीत कर्ता प्रत्ययात दडलेला असतो, इंग्रजीत तो बाहेर काढून मांडावा लागतो. 'आय वाँट दॅट यू गो' हे शब्दशः बरोबर दिसले तरी इंग्रजी कानाला ते खटकते.

इच्छेच्या वाक्यांत सर्वांत जास्त घोटाळा 'काश' करतो. 'काश बियायद' म्हणजे तो यावा अशी इच्छा आहे आणि तो येण्याची शक्यता अजून आहे. 'काश मीआमद' म्हणजे तो यायला हवा होता, पण येत नाही किंवा आला नाही. पहिल्यात एल्तेज़ामी रूप आहे, दुसऱ्यात भूतकाळाचे. इंग्रजी हा भेद 'होप' आणि 'विश' या दोन शब्दांत वाटून घेते. पहिल्याचे 'आय होप ही कम्स', दुसऱ्याचे संदर्भ पाहून 'आय विश ही वुड कम' किंवा 'इफ ओन्ली ही हॅड कम'. कोशात 'काश'पुढे 'विश' दिसले म्हणून 'आय विश ही कम्स' लिहिले की वाक्य दोन्हीकडून तुटते. असा गोंधळ ओळखायची खूण सोपी आहे: 'विश'नंतरचे क्रियापद वर्तमानकाळी असेल तर मूळ फारसी पुन्हा पाहावे.

काही इच्छा रोजच्या शिष्टाचारात इतक्या मुरल्या आहेत की त्यांचा अर्थ इच्छा म्हणून उरलाच नाही. काम करणाऱ्या माणसाला इराणात 'ख़स्ते नबाशीद' म्हणतात, म्हणजे 'तुम्ही थकू नये'. कुणी काही हाती दिले की 'दस्तेतान दर्द नकोनद', म्हणजे 'तुमचा हात न दुखो'. दुसऱ्याचे इंग्रजी बहुतेक वेळा साधे 'थँक यू' असावे. पहिल्याला नेमका प्रतिशब्द नाही. दुकानात शिरताना ते 'हॅलो' असते, काम संपताना 'थँक्स फॉर ऑल युवर वर्क'. कथाकादंबरीत मात्र हाताच्या दुखण्याची ती इच्छा एकदा तरी जशीच्या तशी ठेवावी, कारण तिथे वाचकाला इराणी माणसाचे बोलणे ऐकायचे असते. इच्छेचे एक जुने रूप मराठीतही येऊन राहिले आहे: 'जिंदाबाद' आणि 'मुर्दाबाद' यांतला 'बाद' म्हणजे फारसीचा 'बाद', 'असो'.

विनंतीत एक बारीक गंमत आहे. 'बेबंदीद' हे 'बंद करा' या आज्ञेचे रूप आणि 'तुम्ही बंद करावे' याचे एल्तेज़ामी रूप अगदी सारखे आहे. नुसते 'दर रा बेबंदीद' म्हटले तर आज्ञा. त्याआधी 'मोमकेन अस्त' किंवा बोलीतले 'मीशे' आले की तीच विनंती होते. 'मोमकेन अस्त'चा शब्दार्थ 'शक्य आहे का', पण 'इज इट पॉसिबल दॅट यू क्लोज द डोर' हे इंग्रजीत खिजवल्यासारखे ऐकू येते. 'कुड यू क्लोज द डोर' इतके पुरे. 'बियायम तू?' हे आपल्या 'आत येऊ का?'सारखेच एका क्रियापदावर चालते. इंग्रजीत मात्र 'मे'सारखे साहाय्यक क्रियापद आणल्याशिवाय गत्यंतर नाही.

शंकेसाठी 'शायद' आणि 'बायद' यांची जोडी नीट समजून घ्यावी. 'शायद बियायद' म्हणजे 'ही मे कम', 'शायद आमदे बाशद' म्हणजे 'ही मे हॅव कम'. 'बायद बेरवद'मध्ये सहसा कर्तव्य असते, 'ही मस्ट गो'. पण 'बायद रफ्ते बाशद'मध्ये बहुधा तर्क असतो, 'ही मस्ट हॅव गॉन', 'तो गेलाच असणार'. 'फेक्र मीकोनम मीआयद', म्हणजे 'मला वाटते तो येतो', यात 'मी' टिकतो. 'फेक्र नेमीकोनम बियायद', 'तो येईलसे वाटत नाही', यात 'बे' येतो. नकाराने खात्री गेली की रूपही बदलते. इंग्रजीत दोन्हीकडे 'ही विल कम' हेच राहते आणि शंकेचा सगळा भार 'डोन्ट थिंक'वर पडतो.

एका विद्यार्थ्याने प्राध्यापकांना पाठवलेली अशी चिठ्ठी कल्पावी: 'ओस्तादे गेरामी, ओमीदवारम हालेतान ख़ूब बाशद. मीख़ास्तम ख़ाहेश कोनम मक़ालेअम रा नेगाही बेकोनीद. शायद हफ्तेये आयंदे नतवानम बियायम. ख़ुदा नकोनद दीर शोदे बाशद.' पहिले वाक्य सरळ आहे: 'आय होप यू आर वेल'. दुसऱ्यात 'मीख़ास्तम', 'मला हवे होते', हा भूतकाळ केवळ नम्रतेचा आहे. त्यामुळे 'आय वाँटेड टू रिक्वेस्ट' न लिहिता 'आय वॉज वंडरिंग इफ यू कुड लुक अॅट माय पेपर' लिहावे. तिसऱ्यात एल्तेज़ामी रूप दोनदा आले आहे, एकदा 'शायद'मुळे आणि एकदा 'शकणे'मुळे, तरी इंग्रजीत एकच 'मे' पुरतो: 'आय मे नॉट बी एबल टू कम नेक्स्ट वीक'. शेवटच्या वाक्यासाठी 'गॉड फॉरबिड' चटकन सुचेल, पण ते पुढे घडू शकणाऱ्या संकटासाठी वापरतात. 'शोदे बाशद' सांगते की उशीर झाला असेल तर तो आधीच झालेला आहे. तिथे 'आय ओन्ली होप इट इजन्ट ऑलरेडी टू लेट' हेच योग्य.