चारीचं पाणी जातं कुठे?

शेपटाच्या शेतकऱ्याची तक्रार सगळ्या लाभक्षेत्रांत सारखीच असते. वर पाणी सुटलं की खाली येईपर्यंत निम्मं होतं. मग पाणी वापर संस्थेच्या सभेत ठराव होतो: चारीचं अस्तरीकरण करून मिळावं. शाखा अभियंत्याकडे अर्ज जातो, अंदाजपत्रक होतं, मंजुरी मिळाली तर ठेकेदार येतो आणि तोंडापासून शेपटापर्यंत काँक्रिट ओतलं जातं. या सगळ्यात एक प्रश्न बहुधा कोणी विचारत नाही, तो म्हणजे पाणी नेमकं कुठून आणि किती जातं. माझ्या मते चारी दुरुस्तीच्या प्रस्तावाची पहिली दोन पानं या एका प्रश्नाला द्यायला हवीत.

उदाहरणादाखल एक चारी घेऊ. लांबी 4 किलोमीटर, मातीची, तळरुंदी 90 सेंटिमीटर, पाण्याची खोली 60 सेंटिमीटर, उतरते काठ. तोंडाशी सेकंदाला 300 लिटर पाणी सोडलं. सगळे मोघे बंद केले, एक दिवस चारी नीट भिजू दिली आणि मग शेपटाला मोजलं तर 210 लिटर भरलं. म्हणजे 90 लिटर वाटेत गेले. चारी भिजू देणं महत्त्वाचं, कारण कोरडी माती पहिल्या दिवशी अधाशासारखी पाणी पिते आणि त्या दिवसाचं माप प्रस्तावात धरलं तर आकडा उगाच फुगतो.

आता हे 90 लिटर कसे गेले? साध्या मातीच्या कालव्यातून दर चौरस मीटर भिजलेल्या पृष्ठभागामागे दिवसाला दोनशे-सव्वादोनशे लिटर पाणी मुरतं, असं धरण्याची पद्धत आहे. आपल्या चारीचा तळ आणि दोन्ही काठ मिळून दर मीटर लांबीला तीन मीटरभर भिजतात. चार किलोमीटरचे झाले सुमारे 12 हजार चौरस मीटर. हिशेब केला तर पाझराचे सेकंदाला 31 लिटर येतात. बाष्पीभवन यात किरकोळ आहे. ते लोकांना वाटतं त्याच्या कितीतरी कमी असतं.

म्हणजे 59 लिटरचा हिशेब लागत नाही, आणि तिथेच खरी गोम आहे. हे पाणी मातीत मुरलेलं नाही, ते भोकांतून गेलेलं आहे. झाकण गळणारे मोघे, मोरीच्या दगडी भिंतीशेजारून सुटलेली धार, भरावातली खेकड्यांची आणि उंदरांची बिळं, रात्री कोणी तरी मारलेला फोड. हे ओळखायला यंत्र लागत नाही. चारी भरून वाहत असताना भरावाच्या बाहेरच्या पायथ्याने चालत जायचं. पाझर असेल तिथे जमीन लांबवर नुसती ओलसर आणि हिरवी दिसते. गळती असेल तिथे एका जागी पाणी वाहताना दिसतं, आणि ते गढूळ असेल तर भरावाची माती धुपून जाते आहे हे समजावं. तसली जागा दुसऱ्या पाळीपर्यंत ठेवायची नसते.

उरलेल्या 31 लिटरचा पाझर चारीभर सारखा नसतो. तो शोधण्यासाठी पाणी कोंडून मोजायची जुनी आणि खात्रीची पद्धत आहे. पाळी संपता संपता, माती ओली असतानाच, चारीत तीसेक मीटर अंतरावर दोन मातीचे बांध घालायचे, त्यांना आतून प्लास्टिक लावायचं आणि मधला भाग नेहमीच्या पातळीपर्यंत भरायचा. तळात एक मोजपट्टी रोवायची. काठावर एक पाण्याने भरलेलं घमेलं ठेवायचं, म्हणजे उन्हाने उडालेलं पाणी वजा करता येतं. मग दर तासाला पट्टी वाचायची. आपल्या चारीत समजा दुसऱ्या किलोमीटरला, जिथे ती मुरमाड भरावावरून जाते, पाणी तासाला पावणेतीन सेंटिमीटर उतरलं; आणि बाकी तीन किलोमीटर, जिथे ती काळ्या मातीत खोदलेली आहे, तिथे जेमतेम अर्धा सेंटिमीटर. याचा अर्थ 31 पैकी 20 लिटर त्या एका किलोमीटरात जातात आणि उरलेल्या तिन्हींत मिळून 11.

हे कळल्यावर उपाय निवडणं सोपं जातं. सर्वांत ओळखीचा उपाय म्हणजे साडेसात ते दहा सेंटिमीटर जाडीचं काँक्रिट. नवं असताना ते छान दिसतं, पण सांधे उघडतात, तडे जातात आणि पाणी त्या फटींतून आपली वाट शोधतं. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ रेक्लमेशनने ओरेगॉन भागातल्या कालव्यांवर 1991 पासून दहा वर्षं निरनिराळी अस्तरं घालून तपासली होती. नुसत्या काँक्रिटने पाझर सुमारे 70 टक्के थांबतो आणि काँक्रिटच्या खाली प्लास्टिकचा पडदा असेल तर 95 टक्के, असा त्यांचा निष्कर्ष होता. उघडा पडदा 90 टक्के काम करतो, पण गुरांच्या खुरांपुढे आणि उन्हापुढे तो फार वर्षं टिकत नाही. आपल्याकडेही काँक्रिटखाली प्लास्टिकची फिल्म अंथरतात. पाझर अडवते ती फिल्म; काँक्रिटचं मुख्य काम तिला सांभाळण्याचं. म्हणून काम चालू असताना संस्थेच्या माणसाने काँक्रिटच्या चकचकाटापेक्षा फिल्मच्या जोडाकडे आणि तिच्याखालच्या टोकदार दगडांकडे बघत उभं राहावं.

काळ्या मातीत आणखी एक अडचण असते. ही माती भिजली की फुगते, सुकली की भेगाळते आणि वरचं काँक्रिट उचलून फोडते. त्यावर उपाय असा की काळी माती ठरावीक खोलीपर्यंत काढून तिथे न फुगणाऱ्या चिकण मुरमाचा थर दाबून भरायचा आणि मग अस्तर घालायचं. हा थर महाग पडतो, म्हणून अंदाजपत्रकात तोच आधी कापला जातो. दोन उन्हाळ्यांत फरशा वर आलेल्या दिसल्या तर बहुतेक वेळा हेच कारण निघतं. बंद नलिकेचा पर्याय अलीकडे पुष्कळ ठिकाणी पुढे येतो आहे. त्यात पाझर, फोड आणि जमिनीचा वाद असे तिन्ही प्रश्न सुटतात, पण गाळ साचतो आणि पुरेसा उतार लागतो. छोट्या चाऱ्यांसाठी तो जरूर तपासावा.

आता आपल्या चारीचा हिशेब मांडू. मोघे, मोऱ्या आणि बिळं दुरुस्त केली तर 59 पैकी 50 लिटर तरी हाती लागतील. मुरमाड किलोमीटरला फिल्म आणि काँक्रिट घातलं तर आणखी 19. एकूण 69 लिटर. बारा दिवसांच्या पाळीत हे पाणी सुमारे 71 हजार घनमीटर होतं. गव्हाच्या एका पाण्याला हेक्टरी साडेसातशे घनमीटर लागतात. पोटचारीतली आणि वाफ्यातली नासाडी धरूनही साठ-पासष्ट हेक्टर भिजतात. उलट मोघे तसेच ठेवून चारही किलोमीटरला नुसतं काँक्रिट ओतलं तर वाचतील ते 22 लिटर. आणि सगळं करून, वर उरलेल्या तीन किलोमीटरलाही फिल्मसकट अस्तर घातलं, तर भर पडेल ती फक्त 10 लिटरांची, तीही काळ्या मातीतला सगळ्यात खर्चाचा थर भरून.

शिवाय मुरलेलं पाणी कोणाच्या तरी विहिरीत उतरतं. नीरा डाव्या कालव्याचं उदाहरण बोलकं आहे. हा कालवा 1880 च्या दशकातला. त्याच्या पाझराने आणि वारेमाप पाण्याने खोऱ्यातली जमीन इतकी चोपण झाली की 1910 मध्ये हॅरॉल्ड मॅन आणि ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. भूजल वर आलं की ते केशाकर्षणाने मुळांपर्यंत चढतं, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. त्याच कालव्याच्या काँक्रिट अस्तरीकरणाला गेल्या काही वर्षांत बारामती परिसरातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला, कारण त्यांच्या विहिरी याच पाझरावर जगतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कालव्यालगत दोन मीटरच्या आत पाणी लागत असेल आणि जमीन पांढरी पडत असेल, तर तिथे अस्तर हे जमिनीवरचं औषध आहे. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात दहा-बारा मीटर खाली जात असेल, तर तोच पाझर विहिरीच्या मालकाचा रब्बी हंगाम असतो. अस्तर झालं की ते पाणी शेपटाकडे जातं. एकाचं दुसऱ्याला मिळतं, नवं काही तयार होत नाही. पाझर खाऱ्या भूजलात किंवा नाल्यातून गावाबाहेर जात असेल तेवढीच खरी बचत.

म्हणून मोजणीच्या जोडीला प्रस्तावात विहिरींची नोंदही हवी: चारीपासून अंतर, पावसाळ्याआधीची आणि नंतरची पातळी, त्यावर भिजणारं क्षेत्र. विहिरीवाल्याला सभेत बोलवावं आणि वाचलेल्या पाण्यातून त्याला पाळीचा हक्क लिहून द्यावा. ते न करता सुरू झालेलं काम रात्री कोण फोडतं, हे गावाला माहीत असतं आणि कोणी बोलत नाही.

संस्थेला या बचतीत रस का असावा, याचं उत्तर 2005 च्या शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाच्या कायद्यात आहे. संस्थेला पाणी घनमापाने मिळतं आणि मोजमाप होतं ते तिच्या हद्दीच्या तोंडाशी. त्या मापाच्या वर जे गळलं ते विभागाचं. खाली जे गळलं ते संस्थेचं. त्यामुळे चारीत वाचलेलं पाणी सभासदांना वाटता येतं, पण मुख्य कालव्यात वाचलेलं आपोआप आपल्या वाट्याला येईल असं धरून चालू नये. आणि हे सगळं तोंडावरचा गेज बरोबर असेल तरच. गेजची फळी मोडलेली असेल तर दुरुस्तीची यादी तिथूनच सुरू करावी.

काम झाल्यावर होणारं नुकसान बहुतेक दोन कारणांनी होतं. पावसाळ्यात खोदाईच्या भागात बाजूचं भूजल चढलेलं असतं आणि कोणी घाईने चारी एकदम रिकामी केली की खालचं पाणी फरशी वर ढकलतं. त्यासाठी तळाखाली वाळूची निचरा नाली ठेवावी लागते आणि पाणी टप्प्याटप्प्याने उतरवण्याची पाटकऱ्याला सवय लावावी लागते. दुसरं कारण गुरांचं आणि धुण्याचं. उतरत्या गुळगुळीत काठावरून म्हैस घसरते, बाईला पाण्यापर्यंत जाता येत नाही. मग कोणी तरी पहारीने दोन पायऱ्या पाडतो आणि तिथून फिल्म फाटते. वस्तीजवळ गुरांसाठी एक खडबडीत उतार आणि धुण्यासाठी एक घाट, एवढं अंदाजपत्रकात असावं. मंजुरीच्या वेळी हेच दोन आकडे अनावश्यक म्हणून खोडले जातात. संस्थेच्या अध्यक्षाने ते परत लिहून घ्यावेत.