पाच एमबीचा फोटो आणि एकोणतीस सेकंद

समजा, शिष्यवृत्तीच्या ऑनलाइन अर्जाला उत्पन्नाच्या दाखल्याचा फोटो जोडायचा आहे. पानावर सूचना आहे, ‘फाइल १० एमबीपेक्षा मोठी नसावी.’ मोबाइलवर काढलेला फोटो ५ एमबीचा, म्हणजे मर्यादेच्या निम्माच. तरीही ‘सबमिट’ दाबल्यावर अर्ज अडतो. मैत्रिणीचा ३ एमबीचा फोटो मात्र बिनबोभाट जातो. अर्ज बनवणारा डेव्हलपर प्रोग्रामचा लॉग उघडून बघतो, तर तिथे या प्रयत्नाची एक ओळही नाही.

हल्ली अशा अर्जांमागे बऱ्याचदा स्वतःचा कायम चालू असलेला सर्व्हर नसतो. ॲमेझॉनच्या क्लाउडचं उदाहरण घेऊ. तिथे ‘लॅम्बडा’ नावाच्या सेवेत आपला प्रोग्राम ठेवला, की रिक्वेस्ट आल्यावरच तो जागा होतो आणि पैसे तेवढ्याच वापराचे पडतात. त्याच्यापुढे एपीआय गेटवे असतो. बाहेरची रिक्वेस्ट आधी गेटवेकडे जाते आणि तिथून फंक्शनकडे. दोघांच्या मर्यादा वेगळ्या आहेत. गेटवे १० एमबीपर्यंतची रिक्वेस्ट घेतो, पण उत्तरासाठी थांबून राहणाऱ्या रिक्वेस्टमध्ये लॅम्बडा ६ एमबीच्या वर काही घेत नाही. पानावरची सूचना लिहिणाऱ्याने पहिलाच आकडा वाचला होता.

पण मग ५ एमबी तरी का अडावेत? कारण गेटवे फंक्शनला जे देतो ते मजकुराच्या रूपात असतं आणि फोटो काही मजकूर नव्हे. त्याला ‘बेस६४’ नावाच्या पद्धतीने अक्षरांत बदलावं लागतं, आणि त्यात दर तीन बाइटची चार अक्षरं होतात. ५ एमबीचे साधारण पावणेसात एमबी झाले आणि फोटो दुसऱ्या दारावर अडला. फंक्शन सुरूच झालं नाही, त्यामुळे त्याचा लॉग कोरा. प्रत्यक्षात चालणारी मर्यादा साडेचार एमबीच्या आसपास आहे, आणि रिक्वेस्टमधला बाकीचा मजकूर धरला तर त्याहूनही थोडी कमी.

वेळेच्या मर्यादेचा घोळ याहून वाईट, कारण तिथे काम होतं आणि तरी झालं नाही असं दिसतं. लॅम्बडाचं फंक्शन जास्तीत जास्त १५ मिनिटं चालू शकतं. (मुळात ही मुदत फक्त ३ सेकंदांची असते, ती आपण वाढवायची.) गेटवे मात्र साधारणपणे २९ सेकंदच वाट पाहतो. आता अर्जाची पडताळणी करून पावती तयार करायला ४० सेकंद लागत असतील, तर एकोणतिसाव्या सेकंदाला विद्यार्थ्याला `504` आणि `Endpoint request timed out` असा संदेश मिळतो. पण गेटवेने वाट पाहणं सोडलं हे फंक्शनला कळतच नाही. ते आपलं काम पुरं करतं, अर्ज डेटाबेसमध्ये नोंदवतं आणि लॉगमध्ये ‘यशस्वी’ लिहून मोकळं होतं. इकडे विद्यार्थी घाबरून पुन्हा बटण दाबतो. एकाच नावाचे दोन अर्ज, आणि ‘आमच्याकडे तर एररच नाही’ असं डेव्हलपरचं प्रामाणिक उत्तर.

त्यात ब्राउझर कधी कधी भलतीकडेच बोट दाखवतो. फंक्शनच्या उत्तरात ‘या वेबसाइटला हे वाचू द्या’ अशी परवानगी जोडलेली असते, पण गेटवेने स्वतः पाठवलेल्या नकारात ती नसली, की स्क्रीनवर तक्रार दिसते `CORS` ची. मग बिचारा डेव्हलपर परवानग्या तपासत बसतो.

२०२४पासून काही प्रकारच्या गेटवेंना २९ सेकंदांची मुदत वाढवून मागता येते, मात्र त्या बदल्यात एका वेळी किती रिक्वेस्ट घ्यायच्या ही क्षमता कमी करावी लागू शकते. माझ्या मते हा शेवटचा उपाय. ४० सेकंद कोरं पान बघत बसायला तरी कोण तयार असतं? त्यापेक्षा फंक्शनने अर्ज रांगेत टाकून लगेच `202`, म्हणजे ‘स्वीकारला, काम चालू आहे’, असं उत्तर आणि एक क्रमांक द्यावा. पानाने त्या क्रमांकावर अधूनमधून चौकशी करावी. प्रत्येक अर्जाला पानावरच एक खूण द्यावी, म्हणजे तोच अर्ज दुसऱ्यांदा आला तर ओळखता येतो. फोटो तर या वाटेने पाठवूच नये. फंक्शन थोड्या वेळापुरता चालणारा एक सही केलेला दुवा देतं आणि ब्राउझर त्यावरून फाइल थेट साठवणीत, म्हणजे एस३मध्ये टाकतो. तिथे एका फटक्यात ५ जीबीपर्यंत फाइल जाते.

आणि नकार कुठल्या दारावरून आला हे शोधायचं, तर फंक्शनच्या लॉगशेजारी गेटवेचा लॉग ठेवून बघावा लागतो. फंक्शनकडे नोंद नाही आणि गेटवेकडे `413` आहे, तर दोष आकाराचा. फंक्शनकडे यश आहे आणि गेटवेकडे २९ सेकंदांनंतरचा `504`, तर दोष वेळेचा. अडचण एवढीच, की गेटवेचा हा लॉग आपोआप सुरू नसतो. तो आधी चालू करून ठेवावा लागतो.