एक धैवत उतरतो तेव्हा

पेटी समोर असेल तर पांढरी एक हा सा धरा. सा, ग, प एकत्र दाबले की सी मेजर कॉर्ड होतो. आता सा तसाच दाबून ठेवा आणि ग-प सोडून म आणि शुद्ध ध धरा. हा एफ मेजर. तिथून पुन्हा सी मेजरवर या. हजारो गाणी या दोन कॉर्डवर उभी आहेत. ऐकायला सगळं स्वच्छ, मोकळं, थोडं सरळसोट वाटतं.

आता हेच पुन्हा वाजवा, पण एफ मेजरवरून सी मेजरवर परतण्याआधी फक्त धैवत कोमल करा. पांढऱ्या सहावरचं बोट काळ्या चारवर येईल, सा आणि म जागचे हलणार नाहीत. हा एफ मायनर. तिथून सी मेजरवर या. गाणं आनंदीच आहे, तरी मधेच गळ्याशी काहीतरी दाटून गेल्यासारखं वाटतं. गिटारवर हे आणखी सोपं आहे. पहिल्या पट्टीवर बार धरून एफ वाजवत असाल, तर मधलं बोट उचललं की एफ मायनर तयार.

हा कोमल धैवत येतो कुठून? मेजर स्केल म्हणजे आपल्याकडचा बिलावल थाट, सगळे स्वर शुद्ध. नैसर्गिक मायनर स्केल म्हणजे आसावरी थाट, ग, ध आणि नी कोमल. दोन्हींचा सा एकच ठेवला, की सी मेजरच्या समोर सी मायनर उभा राहतो. पाश्चात्त्य संगीतात याला पॅरलल मायनर म्हणतात. गाणं बिलावलात चालू असताना आसावरीतला एखादा कॉर्ड घटकाभर आणायचा आणि लगेच घरी परतायचं, यालाच कॉर्ड उसना घेणं म्हणतात. सगळ्यात जास्त उसना घेतला जातो तो मध्यमावर उभा असलेला मायनर कॉर्ड, म्हणजे म, कोमल ध आणि सा.

इथे नवशिक्यांचा एक गोंधळ होतो. सी मेजरच्या गाण्यात ए मायनर वाजवला की तेही मायनर, मग त्यात उसनं काय नाही? ए मायनरमध्ये ध, सा आणि ग आहेत, तिन्ही शुद्ध. तो घरातलाच कॉर्ड आहे. त्याने गाणं जरा गंभीर होतं, पण कान चमकत नाही. उसन्या कॉर्डची खूण अशी, की त्यात निदान एक तरी स्वर गाण्याच्या थाटाबाहेरचा असतो.

एवढा फरक एका स्वराने का पडावा, हे पाहण्यासाठी प्रत्येक स्वर कुठे जातो ते बघू. साध्या एफ मेजरवरून सी मेजरवर येताना मध्यम गंधारावर उतरतो, ते अंतर अर्ध्या स्वराचं. धैवत पंचमावर उतरतो, ते अंतर पूर्ण स्वराचं. मधे एफ मायनर आला की धैवताचा उतार दोन पायऱ्यांचा होतो: शुद्ध ध, कोमल ध, पंचम. शेवटच्या पायरीला मध्यम आणि कोमल धैवत दोघेही अर्ध्या अर्ध्या स्वराने खाली येतात. इतक्या जवळच्या स्वराकडे ओढ जास्त असते, म्हणून घरी परतणं अधिक अटळ आणि अधिक हळवं वाटतं. आणि सा या सगळ्यात स्थिर राहतो.

पण निव्वळ ओढ म्हणजे हुरहुर नव्हे. संपूर्ण गाणं सी मायनरमध्ये असेल तर हाच कॉर्ड रोजचा वाटतो, कोणाला काही जाणवत नाही. हुरहुर येते ती कानाच्या आठवणीमुळे. शुद्ध धैवत नुकताच ऐकलेला असतो, तोच डोळ्यांदेखत उतरतो आणि पुढच्याच क्षणी शुद्ध गंधार घेऊन मेजर परत येतो. गोडवा आणि दुःख शेजारी शेजारी ठेवले जातात. चारुकेशी रागाचं पूर्वांग बिलावलसारखं आणि उत्तरांग आसावरीसारखं असतं, त्यामुळे हे मिश्रण आपल्या कानाला अगदी परकं नाही. फरक असा, की चारुकेशीत कोमल धैवत कायमचा रहिवासी आहे. इथे तो शुद्ध धैवताच्या मागोमाग येतो, आणि त्याची सगळी ताकद त्या क्रमात आहे.

कोल पोर्टर यांनी १९४४ साली लिहिलेल्या ‘एव्हरी टाइम वुई से गुडबाय’ या निरोपाच्या गाण्यात शब्द मेजर-मायनरच्या बदलाबद्दल बोलतात, आणि नेमक्या त्याच जागी मध्यमावरचा मेजर कॉर्ड मायनर होतो. बीटल्सच्या १९६५ मधल्या ‘इन माय लाइफ’मध्ये, सा ए धरला तर, अंतऱ्याच्या ओळी डी, डी मायनर, ए अशा उतरतात. गाणं मेजर आहे, विषय मागे राहिलेल्या जागांचा आणि माणसांचा आहे, आणि आठवणीचा सगळा भार त्या एका डी मायनरवर आहे. रेडिओहेडच्या १९९२ च्या ‘क्रीप’मध्ये चार कॉर्डचं आवर्तन फिरत राहतं: जी, बी, सी, सी मायनर. दर फेरीच्या शेवटी तोच उतार येतो.

आता एक साधी चाल घेऊ. चार मात्रांचे चार खंड: सी, ए मायनर, एफ, सी. ध्रुवपद पहिल्यांदा असंच वाजवा. दुसऱ्या वेळी तिसऱ्या खंडाचे दोन भाग करा, दोन मात्रा एफ आणि दोन मात्रा एफ मायनर. बाकी काही बदलू नका. पहिल्या फेरीत कानाला शुद्ध धैवताची सवय झालेली असते, म्हणून दुसऱ्या फेरीतला बदल टोचतो. पहिल्याच फेरीत वाजवला तर परिणाम निम्मा होतो.

सगळ्यात जास्त बिघडतं ते गळ्याकडे लक्ष न दिल्याने. एफ मायनर वाजताना गायक शुद्ध धैवतावर थांबला असेल, तर शुद्ध आणि कोमल धैवत एकमेकांवर घासतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की गायक बेसूर झाला. त्या दोन मात्रांत गळ्यात कोणता स्वर आहे ते आधी तपासा. सा, रे, म किंवा प असेल तर निर्धास्त वाजवा. शुद्ध ग असेल तर थोडी आंबट चव येते, ती हवी असेल तर ठेवा. शुद्ध ध असेल तर चालीत तो स्वर कोमल करा, नाहीतर तिथला उसना कॉर्ड सोडून द्या.

दुसरी चूक हावरेपणाची. एफ मायनर जमला की कोमल गंधाराचा ई फ्लॅट, कोमल निषादाचा बी फ्लॅट असे कॉर्ड लागोपाठ येऊ लागतात, आणि गाणं नकळत सी मायनरमध्ये जाऊन बसतं. याची परीक्षा सोपी आहे. उसन्या कॉर्डनंतर साथ थांबवा आणि गळ्याने सा-ग म्हणा. गंधार आपोआप शुद्ध लागला तर घर शाबूत आहे. कोमल लागला तर उसनं फार झालं, त्यातले एक-दोन कॉर्ड कमी करा.

दुसऱ्या पट्टीत गायचं असेल तर हिशोब तोच राहतो: मध्यमावरचा कॉर्ड शोधा आणि त्याचा मधला स्वर अर्ध्याने उतरवा. जीमध्ये सीचा सी मायनर होईल, डीमध्ये जीचा जी मायनर. मग आपल्या पाठ असलेल्या एखाद्या मेजर गाण्यात जिथे हा कॉर्ड येऊन गाणं घरी परततं, तिथे दोन मात्रांपुरता तो उतरवून पाहा आणि ओळीचे शब्द तपासा. ओळ निरोपाची किंवा आठवणीची असेल तर बदल ठेवा. ओळीत निखळ आनंद असेल तर एफ मेजरच बरोबर आहे, कारण कोमल धैवत तिथे शब्दांच्या विरुद्ध बोलेल.