खादीचा ताठरपणा कुठे जातो?

कोरी खादी पाण्याच्या बादलीत टाकली, की ती पटकन बुडत नाही. हाताने दाबावी लागते. रात्रभर भिजू दिली, तर सकाळी बादलीतलं पाणी गढूळ झालेलं असतं आणि बोटांना थोडं बुळबुळीत लागतं. नव्या खादीच्या कडकपणाचं बरंचसं उत्तर त्या बादलीतच सापडतं.

पाणी चटकन न शोषण्याचं कारण कापसातच आहे. त्याच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो. थंड पाण्याने तो निघत नाही. साबण आणि कोमट पाण्याने तो धुण्यागणिक थोडा थोडा कमी होतो. पाणी गढूळ होतं ते खळीमुळे. हातमागावर ताण्याचे धागे फणीत सतत घासले जातात. हातसूत एकसारखं नसल्याने ते तुटू नये, म्हणून विणण्याआधी त्याला पिठाची किंवा तांदळाची खळ देतात. ही खळ वाळली, की तंतू एकमेकांना चिकटतात आणि धागा काडीसारखा ताठ होतो. गिरणीत पुढच्या प्रक्रियेत खळ काढून टाकतात. कोऱ्या खादीत मात्र ती गिऱ्हाईकाच्या घरापर्यंत येते.

खळ उरली आहे का, हे घरीही तपासता येतं. कापडाच्या कडेचा धागा काढून त्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकावा. धागा निळसर-काळा झाला, तर पिष्ट अजून आहे.

पहिल्या धुण्यात कापड आटतं, तेही याच वेळी. मागावर ताणलेले धागे पाण्यात फुगतात. आडवा धागा जाड झाला, की उभ्या धाग्याला त्याला वळसा घालायला जास्त लांबी लागते, आणि कापड आखूड होतं. अडीच मीटर कापड पाच टक्के आटलं, तर साडेबारा सेंटिमीटर कमी होतात. म्हणून कुर्ता शिवण्याआधी कापड भिजवून वाळवावं.

खळ गेल्यावरही मऊपणा वाढत राहतो, तो सुतामुळे. हाताने कातताना धागा कुठे बारीक, कुठे जाड निघतो. पीळ बारीक जागी जास्त बसतो, त्यामुळे ती जागा घट्ट होते. जाड जागी तो सैल राहतो. धुताना, वापरताना या सैल जागी तंतू सरकतात, त्यांची टोकं बाहेर येतात आणि कापडावर बारीक लव तयार होते. धागेही एकमेकांपासून थोडे मोकळे होतात, कापड अंगावर पडतं.

पाच-सहा धुण्यांनंतरही कापड कडकच राहिलं, तर पाणी जड आहे का, ते पाहावं. बोअरच्या पाण्यात साबणाचा थर धाग्यांत अडकतो. तेव्हा जास्त वेळा खळबळून, झटकून वाळत घालावं. दगडावर आपटून किंवा ब्रशने घासून मऊपणा लवकर आणता येत नाही. त्याने बारीक जागीच सूत तुटतं.