ती पडली की तिने पाडलं?

‘ती काल दुपारभर सोफ्यावर पडून होती’ हे इंग्रजीत लिहिताना चांगल्या शिकलेल्या माणसाचाही हात थबकतो. ‘शी लेड ऑन द सोफा’, की ‘शी ले’? या प्रश्नाचं उत्तर आपल्या मराठीतच आहे.

आपल्याकडे पडणे आणि पाडणे, चढणे आणि चढवणे अशा जोड्या आहेत. एक क्रिया आपली आपण होते, दुसरी कुणीतरी घडवून आणतो. इंग्रजीतही ‘लाय’ म्हणजे आडवं होणं, ‘ले’ म्हणजे आडवं ठेवणं. जुन्या काळी आतला स्वर बदलूनच हे दुसरं क्रियापद घडलं, आपल्या पाडणेसारखंच.

म्हणून आधी मराठी वाक्य भूतकाळात, तृतीय पुरुषात म्हणून पाहावं. ‘ती पडली’ यात ‘ने’ नाही, म्हणजे लाय. ‘तिने बाळाला पाळण्यात ठेवलं’ यात ‘ने’ आहे, म्हणजे ले. (‘मी’ आणि ‘तू’ घेऊन ही परीक्षा करू नये; त्यांना ‘ने’ लागतच नाही.)

खरा घोटाळा यापुढेच आहे. लायचा भूतकाळ ‘ले’ होतो, म्हणजे दुसऱ्या क्रियापदाचं मूळ रूपच. त्यामुळे रूपं अंदाजाने लिहू नयेत. शब्दकोशात लाय उघडावं. तिथे दोन वेगळ्या नोंदी दिसतील. खोटं बोलण्याच्या लायची रूपं लाइड, लाइड. ती आपल्या कामाची नाहीत. आडवं होण्याच्या लायपुढे ले आणि लेन छापलेलं असतं, आणि जवळच अकर्मक असल्याची खूण. मग ‘ले’ची नोंद पाहावी: लेड, लेड, सकर्मक. लेडचं स्पेलिंग एल-ए-आय-डी. वाय ठेवून पुढे ईडी जोडलेलं रूप चूक. म्हणजे सोफ्यावरची ती ‘शी ले ऑन द सोफा’, आणि बाळाला ठेवणारी ‘शी लेड द बेबी इन द क्रेडल’.

कानावर मात्र भरवसा ठेवू नये. इंग्रजी मातृभाषा असलेली माणसंही बोलताना लायच्या जागी ले सर्रास वापरतात. बॉब डिलनच्या 1969च्या ‘ले लेडी ले’ या गाण्याच्या नावातही तेच झालं आहे. बोलण्यात ते खपतं. अर्जात किंवा परीक्षेत लायच लिहावं.

राइझ आणि रेझ त्या मानाने सोपं. सूर्य उगवला, ‘ने’ नाही: राइझ, रोझ, रिझन. तिने हात वर केला, ‘ने’ आहे: रेझ, रेझ्ड, रेझ्ड.

ब्रिंग आणि टेकला ही परीक्षा चालत नाही, कारण दोन्ही सकर्मक आहेत. तिथे आणणे आणि नेणे आठवावं. मैत्रिणीला फोनवर ‘उद्या तुझ्याकडे पुस्तक घेऊन येते’ म्हटलं तर ब्रिंग. तेच घरी आईला ‘मी तिच्याकडे पुस्तक घेऊन जाते’ असं सांगितलं तर टेक. ‘घेऊन’ दोन्हीकडे आहे, म्हणून फसायला होतं. निर्णय त्यापुढच्या ‘येते’ किंवा ‘जाते’वरून करावा.